पाऊस तर सगळ्यांकडंच होता

"मॅडम, पुरामुळे मला तीन दिवस शाळेत यायला उशीर झाला. वर्गशिक्षक म्हणतात, मुख्याध्यापकांच्या नावे पत्र आण. पण पाऊस तर सगळ्यांकडंच होता, माझं खरं कोण मानणार?"
— कर्नाळहून सांगलीला येणारा नववीतला मुलगा

त्यानं लिहून आणलेला कागद मी आधी वाचला. सात ओळींत तीन वेळा 'क्षमा असावी' होतं, पण रस्त्याचं नावच नव्हतं. 'अतिवृष्टीमुळे उशीर झाला' एवढंच लिहिलं, तर शाळेजवळ राहणारा मुलगाही तेच लिहू शकतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. पाणी धोक्याला टेकायच्या आधीच कर्नाळ रस्ता बुडायला लागतो. शाळेत बसलेल्या माणसाला ते दिसत नाही, म्हणून ते पत्रात यायला हवं.

मी त्याला एकेक दिवस विचारत गेले. सोमवारी एसटी अर्ध्या वाटेतून परत फिरली. मंगळवारी मामांनी गाडीवरून माधवनगरकडून वळसा घालून सोडलं. बुधवारचं विचारलं तेव्हा तो दप्तराचा पट्टा पिळत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "त्या दिवशी वळशानं वेळेत आलो असतो मॅडम. पण रात्री दोनपर्यंत धान्याची पोती माळ्यावर चढवत होतो. जागच आली नाही."

त्याच्या भीतीचं मूळ इथं होतं. एका दिवसाचं कारण वेगळं होतं, ते त्यानं पाण्याखाली दडवलं होतं, आणि त्यामुळे उरलेले दोन खरे दिवसही त्याला खोटे वाटायला लागले होते. मी म्हटलं, बुधवार वेगळा लिही. मग पत्राचा गाभा असा झाला:

"सोमवारी कर्नाळ रस्त्यावर पाणी आल्याने एसटी मागे फिरली, माझा मुलगा 11.40 ला पोहोचला. मंगळवारी माधवनगरमार्गे आला, 11.15 ला पोहोचला. बुधवारी, आदल्या रात्री उशिरापर्यंत धान्याची पोती माळ्यावर चढवल्याने त्याला उठायला उशीर झाला. सोमवारी बुडालेली गणिताची चाचणी पुन्हा घ्यावी, ही विनंती. पाणी ओसरेपर्यंत वळशाने यावे लागेल. पाण्यातून मी त्याला पाठवणार नाही."

शेवटचं वाक्य आईचं. पत्र पालकांच्या सहीनं, वर्गशिक्षकांमार्फत द्यायचं, हे त्याला माहीत नव्हतं. तो स्वतःच सही करून आला होता. पुढच्या दिवसांचा उल्लेख मी मुद्दाम घालायला लावला. पूर एका दिवसात उतरत नाही, आणि रोज नवं पत्र कोण लिहिणार? क्षमा एकदाच ठेवली, तीही बुधवारसाठी.

दोन दिवसांनी तो पत्राची प्रत घेऊन आला. चाचणीच्या ओळीसमोर 'शनिवारी घ्यावी' असा शेरा होता. बुधवारच्या ओळीखाली मुख्याध्यापकांनी पेनानं रेघ ओढून लिहिलं होतं, 'पोती खाली उतरवली का?'