उतारा किती वाचायचा, शेवट कुठे फोडायचा

प्रश्न : नाशिकहून मराठी पुस्तकांचं चॅनल सुरू केलंय. व्हिडिओ लांबतात आणि लोक मध्येच निघून जातात. एका रहस्यकथेचा शेवट सांगितला म्हणून बोलणीही खाल्ली. आणि मुखपृष्ठ दाखवलं, पुस्तकातलं वाचून दाखवलं, तर कॉपीराइटचा त्रास होतो का?

उत्तर : माझी नोकरी सातपूरला, चॅनल रात्रीचं. तुमच्या तिन्ही अडचणी मी एकाच व्हिडिओत भोगल्यात, म्हणून तोच सांगतो.

एका रहस्यकादंबरीवर सोळा मिनिटांचा व्हिडिओ केला होता. 'सावाना' वाचनालयातून पुस्तक आणलं, भारावलो आणि त्यातली अडीच पानं सलग वाचून दाखवली. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे एका भरगच्च पानाला दोन मिनिटं सहज जातात. माझं वाचन पाच मिनिटांच्या वर गेलं. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठपर्यंत टिकले त्याचा आलेख दिसतो, तो नक्की उघडा. माझ्यात वाचन सुरू झाल्यावर पहिलं अर्धं मिनिट रेघ सपाट होती, नंतर घसरगुंडी. व्हिडिओ लांब होता म्हणून लोक गेले नाहीत. मी काय म्हणतोय ते ऐकायला आले होते आणि मी पाच मिनिटं स्वतःचं काहीच म्हणत नव्हतो.

आठवड्याभरात प्रकाशकांकडून मेल आला. भाषा सभ्य होती, पण एवढा मजकूर वाचायला परवानगी घेतली होती का, असा सरळ प्रश्न होता. तेव्हा कायदा वाचला. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये समीक्षा किंवा परीक्षणासाठी रास्त वापराला मुभा आहे. मात्र इतके शब्द चालतील, तितके नाही, असा आकडा तिथे कुठेच नाही. 'तीस सेकंदांपर्यंत चालतं' किंवा 'दहा टक्के चालतं' हे सगळं कट्ट्यावरचं ज्ञान. केरळ उच्च न्यायालयाने १९९६मध्ये एका नाटकाच्या खटल्यात तीन गोष्टी तपासल्या होत्या: आपल्या टीकेच्या मानाने घेतलेला मजकूर किती आणि किती महत्त्वाचा, तो कशासाठी घेतला, आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होण्याची शक्यता आहे का. माझी अडीच पानं पहिल्याच कसोटीत नापास होती. पाच मिनिटं वाचन आणि त्यावर भाष्य काय, तर 'किती सुंदर लिहिलंय ना!'

मग तो भाग काढून टाकला. स्टुडिओच्या एडिटरमध्येच मधला तुकडा कापता येतो, व्हिडिओचा पत्ता आणि प्रतिक्रिया तशाच राहतात. प्रकाशकांना कळवलं, विषय मिटला. फक्त कापल्यावर वर्णनात लिहिलेल्या भागांच्या, म्हणजे प्रकरणांच्या, वेळा चुकतात, त्या हाताने दुरुस्त कराव्या लागतात. मी विसरलो आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

आता मी उतारा असा निवडतो. आधी माझं म्हणणं कागदावर लिहितो, उदाहरणार्थ 'लेखिका संवादात माणसाची भीती दाखवते, सांगत नाही.' मग ते सिद्ध करायला लागतील तेवढ्याच ओळी शोधतो. बहुतेक वेळा साठ ते ऐंशी शब्दांत भागतं, म्हणजे अर्ध्या-पाऊण मिनिटात. वाचून झालं की त्या ओळींवर निदान तेवढाच वेळ बोलतो. बोलायला काही सुचलं नाही, तर तो उतारा माझ्या परीक्षणाचा नव्हताच, मला नुसता आवडला होता. पुस्तक, लेखक, अनुवादक आणि प्रकाशन यांची नावं घेतोच. पण नाव घेतलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि 'हक्कभंगाचा हेतू नाही' ही खाली चिकटवायची ओळ तर निव्वळ ताईत आहे.

कवितेत जास्त जपा. बारा ओळींची कविता पूर्ण म्हटली, तर ती अख्खी कृतीच वापरली गेली. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. आपले तात्यासाहेब १९९९मध्ये गेले, म्हणजे कुसुमाग्रजांच्या कवितांवरचा हक्क २०५९ संपेपर्यंत आहे. २७ फेब्रुवारीला उत्साहाच्या भरात हे हमखास विसरलं जातं. उलट साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन २०११पासून मोकळं आहे. पण त्याच्या नव्या आवृत्तीची प्रस्तावना, चित्रं आणि मुखपृष्ठ मोकळं नसतं. जुन्या परदेशी पुस्तकाच्या मराठी अनुवादाचंही तसंच, अनुवादकाचा हक्क वेगळा.

मुखपृष्ठ हे चित्रकाराचं काम. बहुतेक मराठी पुस्तकांत सुरुवातीच्या पानावर 'मुखपृष्ठ' असं लिहून नाव छापलेलं असतं, ते वाचून दाखवा. ज्या पुस्तकाबद्दल बोलताय ते हातात धरून कॅमेऱ्यासमोर दाखवणं परीक्षणाचाच भाग आहे, त्यावर कुणी हरकत घेतल्याचा मला तरी अनुभव नाही. तेच चित्र कापून चॅनलच्या बॅनरवर लावलं, तर ती सजावट झाली, तिथे परीक्षणाची ढाल चालत नाही. दुकानाच्या साइटवरून उचललेल्या चित्रापेक्षा आपला फोटो बरा. पुस्तक थोडं पुढे झुकवून धरा, लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकत नाही.

शेवटाबद्दल माझी रेघ अशी: मलपृष्ठावरच्या पाठराखणीत जे आहे ते सगळं सांगायचं, त्यापुढचं पहिल्या चौथाईपर्यंतचंच. 'शेवटी जबरदस्त धक्का आहे' हेही म्हणत नाही. ते ऐकलेला वाचक प्रत्येक पानावर धक्का शोधत बसतो आणि शंभराव्या पानावर ओळखून मोकळा होतो. पण काही पुस्तकांचं खरं मूल्यमापन शेवटाशिवाय होतच नाही. त्यांच्यासाठी शेवटचा भाग वेगळा ठेवतो आणि वर्णनात असं लिहितो:

```
0:00 पुस्तक कशाबद्दल
1:40 भाषा आणि एक उतारा
5:10 शेवटाबद्दल, आधी वाचा
```

पहिली वेळ `0:00` हवी, निदान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा हवा, नाहीतर प्रकरणं दिसत नाहीत. प्रकरणाच्या नावातच 'खुनी डॉक्टर' असं लिहू नका, ते व्हिडिओखालच्या पट्टीवर दिसतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही नको, कारण पट्टीवर बोट फिरवलं की त्या क्षणाचं चित्र वर येतं. आणि इशारा तोंडाने द्या, मग पाच-सहा सेकंद थांबा. माझी मामी पोळ्या लाटताना ऐकते. हात पिठाचे असतात, फोन बंद करायला तेवढा वेळ लागतोच.

त्या कापलेल्या व्हिडिओत मी वेळा बदलल्या नव्हत्या. शेवटाचा भाग जिथून सुरू होतो असं वर्णनात लिहिलं होतं, त्याच्या पाच मिनिटं आधीच तो सुरू होत होता. 'आणखी वेळ आहे' म्हणून निर्धास्त ऐकणाऱ्या तिघांना खुनी कळला. त्यांतली एक मामी होती, तिने दिवाळीपर्यंत ऐकवलं.