‘काही होत नाही गं’ म्हणून गेल्यावर

ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीला स्तनाचा कॅन्सर झालाय. इथेच नाशिकला केमो चालू आहे. परवा भेटायला गेले तर म्हणाली, “मला भीती वाटते गं.” माझ्या तोंडून पटकन गेलं, “काही होत नाही, तू तर वाघीण आहेस!” ती खिडकीकडे तोंड करून बसली. आता पुन्हा जायचं तर काय बोलू, सुचत नाही.
– एक मैत्रीण, इंदिरानगर

अगं, जा, आणि जिथे बोलणं तुटलं तिथूनच सुरू कर. “परवा तू भीती वाटते म्हणालीस आणि मी तुला बोलूच दिलं नाही. आज सांगतेस?” एवढं विचार आणि थांब. ती मिनिटभर बोलली नाही तरी मधली जागा भरू नकोस. “नको आज” म्हणाली तर तेही चालेल.

माझी कॉलेजातली मैत्रीण गंगापूर रोडला ॲडमिट होती, तेव्हा मीही “किती फ्रेश दिसतेस!” म्हणाले होते. तिचा हात आपसूक डोक्यावरच्या स्कार्फकडे गेला. तो हात मला अजून दिसतो. पुढच्या खेपेला मी विचारलं, “सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?” मला वाटलं, मरणाचं बोलेल. ती म्हणाली, “शीर सापडत नाही, तीन-तीनदा टोचतात. आणि घरी सांगितलं की सगळे रडतात.” शिरेचं डॉक्टरांना विचारायला ती संकोचत होती. आम्ही दोघींनी मिळून विचारलं, तेव्हा त्यांनी छातीजवळ कातडीखाली बसवायच्या केमोपोर्टची माहिती दिली. रडण्यावर मात्र माझ्याकडे उपाय नव्हता. “माझ्यासमोर बोल, मी ऐकते,” म्हटलं. त्या दिवशी ती खूप रडली, मीही रडले.

तुझी मैत्रीण “मी वाचेन ना?” असं विचारेल कदाचित. तेव्हा “शंभर टक्के!” म्हणू नकोस. “मला नाही गं माहीत. पण तुझ्याबरोबर मी आहे,” हे खरं आहे, तेच म्हण. ओळखीतल्या कुणाचा कॅन्सर कसा बरा झाला, ते तिने विचारल्याशिवाय सांगू नकोस.

जाण्याआधी फोन कर. तुला सर्दी-खोकला असेल तर जाऊच नकोस. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी खूप खाली येतात, तेव्हा साधा संसर्गही तिला महागात पडतो. फुलं, द्राक्षं न्यायची तर आधी नर्सला विचार. गजरा, अत्तर नको, वासाने मळमळतं. खुर्ची ओढून तिच्या नजरेच्या पातळीवर बस. उभ्याउभ्या बोललं की निघायची घाई दिसते. वीसेक मिनिटं पुरे.

आणि उठताना “काही लागलं तर सांग” म्हणू नकोस, ती कधीच सांगणार नाही. “मंगळवारी मुलांचा डबा मी देते, गुरुवारी चारला येते,” असं सांग. आणि गुरुवारी चारला जा.