भाव कापसाला नाही, बोच पोराला नको

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मजकूर वाचला. ग्रुपवर टाकण्याआधी माझ्याकडे पाठवलास हे फार बरं केलंस. त्यात खरा विनोद आहे, म्हणून तो फेकून देऊ नकोस. पण आज आहे तसा टाकूही नकोस. तुझ्या ओळी इथे उतरवतो, म्हणजे दोघांच्याही नजरेसमोर राहतील.

"मारोतीच्या देवळामागच्या काकाच्या घरी दोन गोष्टी पडून हायेत. एक कापूस, दुसरा त्यायचा पोट्टा. दोघायलेही भाव नाई. आता फवारणीचा डबाच कामी येते वाट्टे."

आधी हसू कुठे फुटतं ते शोधू. ते तिसऱ्या ओळीत फुटतं. वाचणारा कापसाचा विचार करत असतो, 'भाव' येताच त्याला बाजार आणि सोयरीक दोन्ही एकदम दिसतात. या एका ओळीसाठी पहिल्या दोन ओळी आहेत. तुझा विनोद एवढाच, आणि तो पूर्ण आहे. दुरुस्ती करताना ही ओळ हलवायची नाही, लांबवायची नाही, समजावून सांगायची नाही.

आता बोच पाहा. ती दोन जागी आहे आणि दोन्ही जागा हसण्याच्या ओळीबाहेर आहेत. पहिली म्हणजे देवळामागचं घर. नाव लिहिलं नाहीस म्हणून तू निर्धास्त असशील, पण गावात देवळामागे घर किती? वाचणाऱ्याला आधी घर दिसेल, मग पोरगा दिसेल, आणि लोक 'भाव' या शब्दावर न हसता त्या पोरावर हसतील. तो पोरगा त्याच ग्रुपमध्ये आहे. पाहुणे येऊन चहा-पोहे घेऊन गेले आणि निरोप आला नाही, हे त्याच्या घरात किती वेळा झालं असेल! संध्याकाळपर्यंत कोणीतरी त्याच्या आईलाही मोबाइल दाखवेल.

दुसरी जागा डब्याची, आणि ती जास्त वाईट आहे. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवारणीला जाणारी माणसं होती ती. आणि कर्जापायी ज्या घरात तोच डबा उघडला गेला, ती घरं तर तुलाही माहीत आहेत. त्या घरातला माणूस तुझा मजकूर वाचेल तेव्हा 'भाव नाई'वर आलेलं हसू चौथ्या ओळीत त्याच्या घशात अडकेल. शेजारी बसून हसणाराही त्याच्याकडे पाहून गप्प होईल.

म्हणून एक परीक्षा करून पाहा. शंका येईल त्या ओळीवर अंगठा ठेव आणि उरलेलं मोठ्याने वाच. हसू तसंच राहिलं तर अंगठ्याखाली नुसती बोच होती, ती काढ. हसूच गेलं तर तो विनोद त्या बोचेवरच उभा होता. मग त्याला मऊ करता येत नाही, तो सोडून द्यायचा. तुझं नशीब चांगलं आहे. डबा झाकून वाच, उलट विनोद जास्त नेमका लागतो, कारण हसू येऊन गेल्यावर ती ओळ उगाच मागे रेंगाळत होती.

देवळाचं घर काढायला निघशील तेव्हा एका ठिकाणी सांभाळ. बहुतेक जण इथेच घसरतात. घर काढलं की जागा रिकामी वाटते, आणि हात आपोआप लिहितो, "आजकालच्या पोरीयले शेतकरी नको, पुण्याचा फ्लॅट पाहिजे." असं केल्यानं बोच निघत नाही, ती एका पोरावरून गावातल्या सगळ्या पोरींवर जाते. शिवाय ते खरंही नाही. त्या पोरीने आपल्या आईला उन्हात कापूस वेचताना आणि रात्री चुलीपुढे बसताना पाहिलेलं असतं. ती नाही म्हणते तेव्हा फ्लॅट मागत नसते, आईसारखे दिवस नको म्हणत असते. आणि फ्लॅटचा विनोद लोकांनी इतक्यांदा वाचलाय की त्यावर हसायलाही कोणी थांबत नाही.

मग पडून असलेला पोट्टा कोण? तूच हो ना. तुझंही लग्न व्हायचंय, तुमच्याही ओसरीत कापसाचा ढीग आहे. असं लिही:

"घरी दोन गोष्टी पडून हायेत. एक कापूस, दुसरा मी. दोघायलेही भाव नाई."

वाचून पाहा. "दुसरा मी" आलं की वाचणारा आधी दचकतो आणि मग हसतो. पहिल्या मजकुरात हा धक्का नव्हता. देवळामागचा पोरगाही आता हसेल, कारण तू त्याच्या शेजारी जाऊन बसलास. फक्त टाकण्याआधी आईला वाचून दाखव. तिच्या घराची गोष्ट आहे, तिला लागलं तर थांब.

शेवटी एक झटका हवाच असेल तर डब्याच्या जागी ओलाव्याला घे. सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि १२ च्या वर गाडी वापस. आपल्या पट्ट्यातल्या ज्याने तिथे रांग लावली त्याला हे सांगावं लागत नाही. तेव्हा चौथी ओळ अशी होईल: "कापसात ओलावा जास्त निघाला, माह्यात नोकरी कमी." इथे टोमणा मोजमापाला बसतो, माणसाला नाही. मात्र "ग्रेडर चोट्टा" असं काही जोडू नकोस. केंद्रावर ग्रेडर एखाद-दुसराच असतो, अख्खा तालुका त्याला ओळखतो, आणि त्याच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप हा विनोद होत नाही. तशी तक्रार असेल तर ती बाजार समितीत लेखी दे.

खाली "कोणाच्या भावना दुखावल्यास क्षमस्व" लिहू नको. तो मजकूर वाचून ज्याला काहीच वाटलं नव्हतं तोही मग दुखावण्यासारखं काय आहे ते शोधू लागतो. रडून हसणारे चेहरेही ओळीने लावू नको. पारावर बोलताना तुझा आवाज आणि चेहरा सांगतो की तू गमतीत बोलतोयस, मोबाइलवर ते काम शब्दांनाच करावं लागतं. "दुसरा मी" ते करतं, चेहरे करत नाहीत.

ग्रुपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि नंतर सगळ्यांसाठी पुसताही येतो, पण तोवर कोणी स्क्रीनशॉट घेतला तर तो दुसऱ्या गावात तुझ्या नावानं फिरेल. तिथे तुझा स्वभाव कोणाला ठाऊक नसतो. त्यामुळे टाकल्यावर बदलू हा हिशेब ठेवू नको.

आणि दिवस पाहून टाक. सकाळी पंचक्रोशीत कुठून वाईट बातमी आली असेल, गारपीट झाली असेल, किंवा बोंडअळीने कोणाचं वावर बसलं असेल, तर हाच निर्दोष मजकूरही त्या दिवशी बोचेल. आठवडाभर थांब.

आई काय म्हणाली ते कळव.

तुझा काका