मिळकत कमी-जास्त, घरखर्च ठरलेला: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेले काही महिने येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ फिरून फिरून दिसतो: पगार नसेल तर बजेट करायचं कशावर? म्हणून या वेळी त्याच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

हिशेब वहीत ठेवू की मोबाईलच्या ॲपमध्ये?

ज्यात तुम्ही रोज लिहाल, त्यात.

कमाईचे निम्मे पैसे गरजांना, तीस टक्के हौसेला आणि वीस टक्के बचतीला, असं सगळे सांगतात. मला ते जमतच नाही. माझं काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही. हे सूत्र दरमहा सारखी रक्कम हातात येणाऱ्यांसाठी सोयीचं आहे. समजा, तुमच्या एका महिन्यात ७५ हजार येतात आणि दुसऱ्यात १२. बाराचे निम्मे सहा, आणि सहा हजारांत घर चालत नाही. पंचाहत्तरच्या महिन्यात मात्र हेच सूत्र साडेबावीस हजार हौसेवर उडवायची परवानगी देतं. पुढच्या कोरड्या महिन्याचे पैसे नेमके तिथेच जातात. ऐकीव टक्केवारी बाजूला ठेवा आणि आधी घराचा न टळणारा खर्च किती, तो आकडा काढा: भाडं किंवा हप्ता, किराणा, वीज, फी, औषधं, विमा. वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाचा बारावा हिस्सा त्यात धरायला विसरू नका.

मी घरून अनुवादाची कामं करते. वर्षाची कमाई बारांनी भागून महिन्याचं बजेट ठरवलं, तरी दुसऱ्याच महिन्यात पैसे संपले. असं कसं?

सरासरी काढली की पैसे *कधी* आले हे पुसलं जातं, आणि तुमचं दुखणं नेमकं तिथे आहे. या प्रश्नावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण सरासरीवर घर चालवून कर्जात गेलेली माणसं मी फार पाहिली.

तुम्ही पाठवलेले आकडे, कर आणि कामाचा खर्च वजा करून, हजारांत असे आहेत: ५२, १८, ०, ७५, ३०, ४१, १२, ६४, २५, ९०, २०, ३३. बेरीज ४६०, सरासरी ३८ च्या किंचित वर. तुम्ही महिन्याला ३८ खर्च धरला. पहिल्या महिन्याअखेर १४ उरले. दुसऱ्या महिन्यात १८ आले, हाती झाले ३२, खर्च ३८, म्हणजे ६ कमी पडले. तिसऱ्या महिन्यात काहीच आलं नाही आणि खड्डा ४४ चा झाला. वर्षाच्या शेवटी ४ हजार शिल्लक पडतात, त्यामुळे कागदावर बजेट बरोबर वाटतं. पण दुसऱ्यापासून नवव्यापर्यंत सलग आठ महिने तुम्ही उसन्यावर जगलात, आणि त्यावरचं व्याज या हिशेबात धरलेलंच नाही.

आता वहीत तीन रकाने आखा: आलेले, घराला दिलेले, शिल्लक. तेच बारा आकडे घ्या आणि 'घराला दिलेले' मध्ये दर महिन्याला २८ लिहा. शिल्लक फक्त एकदाच, तिसऱ्या महिन्यात, १४ ने उणे जाते. २३ लिहा. तिसऱ्या महिन्याअखेर १ हजार उरतात आणि वर्षभरात शिल्लक एकदाही उणे होत नाही. म्हणजे हाताशी काहीच साठा नसेल तर तुम्ही स्वतःला द्यायचा महिन्याचा पगार २३. सुरुवातीला १४ हजार बाजूला असतील तर २८. कमाई तीच, पण किती पगार झेपतो हे साठ्यावर ठरतं.

एवढ्यावर थांबू नका. मागच्या वर्षाचा क्रम पुढच्या वर्षी तसाच येईल असं कुणीही सांगू शकत नाही. म्हणून लागोपाठ आलेले सगळ्यात वाईट दोन महिने सुरुवातीला ठेवून पाहा: आधी १८, मग ०, मग ५२. पगार २३ धरला तरी दुसऱ्या महिन्याअखेर खड्डा २८ चा होतो. तुमच्या राखीव रकमेचं पहिलं लक्ष्य हेच २८ हजार.

चालवायला दोन खाती लागतात. कामाचे सगळे पैसे एका खात्यात जमा होतील, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्यातून घरच्या खात्यात २३ जातील. ९० आले त्या महिन्यातही २३च. पगार वाढवायचा तो सहा महिन्यांनी, पुन्हा ही तीन रकान्यांची परीक्षा घेऊन. एखाद्या कामाचे मोठे पैसे आले म्हणून नव्हे.

तुमचा न टळणारा खर्चच २३ च्या वर असेल, तर ते बजेटने सुटणारं नाही. मग खर्च कमी करणं, कामाआधी काही रक्कम आगाऊ घेणं किंवा दरमहा ठरावीक पैसे देणारं एखादं काम धरणं, एवढेच रस्ते उरतात. अशा वेळी आकडे घेऊन एखाद्या आर्थिक सल्लागारासमोर बसा, आणि तो तुम्हाला काही विकून कमिशन घेत नाही ना, हे आधी विचारा.

माझं दुकान आहे. गल्ल्यात रोज पैसे असतात, तरी महिनाअखेर घरात ओढाताण. का?

कारण गल्ल्यातले पैसे तुमचे नाहीत. समजा शंभराची विक्री झाली. त्यात ७८ मालाचे, १२ भाडं, वीज आणि मदतनिसाचे. तुमचे दहा. घरी जाताना गल्ल्यातून वीस उचलले, तर त्यातले दहा पुढच्या मालाचे गेले. हे लगेच कळत नाही. आधी फळीवरचा माल विरळ होतो, मग व्यापाऱ्याची उधारी लांबते, आणि विक्री घटल्यावर आपण मंदीला दोष देतो. दुकानाचं आणि घरचं खातं वेगळं करा, घरासाठी आठवड्याला एकदाच ठरलेली रक्कम घ्या, आणि गिऱ्हाइकाकडची उधारी हातात पडेपर्यंत कमाईत धरू नका. ७८ आणि १२ हे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. तुमचे खरे आकडे हिशेबनिसाकडून काढून घ्या.

मोठी रक्कम आली की आधी काय करू?

कराचा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. तो किती, हे शेजाऱ्याला नव्हे, करसल्लागाराला विचारा. मग थकलेली देणी, मग राखीव रक्कम.

कोरड्या महिन्यात क्रेडिट कार्डाची किमान रक्कम भरली तर चालतं ना? बँकेच्या संदेशात तसंच म्हटलं आहे.

किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो. राहिलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. बहुतेक कार्डांवर जुनी बाकी असताना नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. संदेशात 'किमान' हा आकडा ठळक आणि व्याजाचा दर बारीक अक्षरांत असतो, याची मला चीड आहे. दोन महिने सलग अशी वेळ आली असेल तर तिसऱ्याची वाट पाहू नका. बँकेत जाऊन राहिलेल्या रकमेचे हप्ते करून मिळतात का, आणि कोणत्या दराने, हे लेखी घ्या.

पुढच्या चांगल्या महिन्यापासून सुरुवात केली तर?

नको. मागच्या बारा महिन्यांच्या जमा रकमा खात्याच्या उताऱ्यावरून आज रात्रीच वहीत उतरवा.