इंग्रजी भाषांतरात आजोबांचा खट्याळपणा कुठे गेला?

*आजोबांच्या आठवणींतला सांगलीच्या महापुराचा उतारा एकाकडून इंग्रजीत करून घेतलाय. अर्थ बरोबर वाटतो, पण वाचताना मजा येत नाही. नेमकं काय तपासू?*

आधी मूळ मराठी मिटून ठेवा आणि नुसतं इंग्रजी वाचा. दोन्ही शेजारी ठेवले की इंग्रजीत जे राहून गेलंय ते आपण नकळत मराठीतून भरून घेतो. तुम्हाला अर्थ बरोबर वाटतोय तो बहुधा त्यामुळेच.

बरेच जण इंग्रजीचं पुन्हा मराठी करून बघतात. गाळलेलं वाक्य किंवा चुकलेलं नातं त्यात सापडतं. पण शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर याच परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवतं, कारण त्याची वाक्यरचना मराठीच असते.

समजा, २०१९च्या पुराबद्दल मुळात असं आहे: "आबा काही उठायला तयार नव्हते. म्हणे, '२००५ला उंबऱ्याला लागलं नाही, आता कशाला येतंय!' शेवटी शेजाऱ्यांनीच त्यांना होडीत बसवलं."

'तयार नव्हते'चं 'वॉज नॉट रेडी' केलं असेल, तर इंग्रजी वाचणाऱ्याला आबांची आवराआवर राहिली होती असं वाटेल. आबा हटून बसलेत, आणि तो हट्ट त्या 'काही'मध्ये आहे. इथे 'वुडन्ट बज' चालेल. 'कशाला येतंय'चं 'व्हाय इज इट कमिंग' केलं तर आबा पाणी का येतंय याची चौकशी करत बसतात! त्यांना म्हणायचंय, येत नाही.

खरी अडचण शेवटच्या 'च'ची. घाईत तिथे 'ओन्ली' टाकतात, मग होडीत बसवायला शेजाऱ्यांखेरीज कुणी नव्हतं एवढंच कळतं. मराठीत त्यात आणखी एक सूर आहे: घरचे समजावून थकले, मग शेजारीच पुढे झाले. इंग्रजीत हा जोर शब्द वाढवून येत नाही, वाक्य फिरवावं लागतं: 'इन द एन्ड इट वॉज द नेबर्स हू गॉट हिम इन्टू द बोट'. 'म्हणे'तली किंचित थट्टा मात्र कुठल्याच एका शब्दात बसत नाही. ती आबांच्या बोलण्यातच उतरवावी लागते, आणि थोडी सुटली तर मी सोडून देतो.

मग मराठी अजिबात न येणाऱ्या एखाद्याला इंग्रजी वाचायला द्या. 'चांगलं आहे का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: आबा का उठले नाहीत? पाणी येईल असं त्यांना वाटत होतं का? सांगणारा त्यांच्यावर चिडलाय की हसतोय? पहिल्याचं उत्तर 'आवरून झालं नव्हतं' असं आलं, तर ते वाक्य भाषांतर करणाऱ्याकडे परत पाठवा, सोबत दोन ओळींत आबांचा स्वभाव लिहून. आणि आबांना 'ग्रँडफादर' केलं असेल तर पुन्हा 'आबा'च करायला सांगा. 'नव्हते'मधला मान इंग्रजी 'ही'मध्ये तसाही राहत नाही, निदान हाक तरी राहू दे.