फोटोखालचं नाव छापण्याआधी

सप्रेम नमस्कार,

राजापूरकडच्या एखाद्या सड्यावरच्या आंदोलनाचा फोटो तुझ्या मोबाइलवर आलाय, असं धर. पोलिसांच्या गाडीपुढे आडवी पडलेली बाई, डोक्याला हिरवा रुमाल, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं तिचं नाव आणि वाडी. डेस्कवरून फोन सुरू झालेत, नाव टाकायचं का म्हणून.

इथे दोन वेगळी कामं आहेत. फोटो कुठला आणि कधीचा, हे एक. त्यातली बाई कोण, हे दुसरं. पहिलं झालं की दुसरंही झालं असं वाटतं, आणि घोळ तिथेच होतो.

पहिलं काम तुलनेने सोपं. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधली वेळ आणि जागेची नोंद गळून जाते. म्हणून फोटो काढणाऱ्याला गाठ, मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागव, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे फोटोही माग. मग Google Lens आणि TinEye वर शोध. TinEye मध्ये सर्वांत जुना निकाल आधी लावता येतो. एप्रिल 2023 मधले बारसूच्या रिफायनरीविरोधी आंदोलनाचे फोटो ‘आजचे’ म्हणून फिरायला वेळ लागत नाही. सड्याकडेही बघ: एप्रिलात गवत करपून पिवळं पडलेलं असतं आणि कातळ उघडा दिसतो, पावसाळ्यात तोच सडा हिरवागार असतो. गाडीची पाटी रत्नागिरीची, म्हणजे MH-08 आहे का, फलकावरची अक्षरं उलटी तर नाहीत ना, हेही तपास.

आता नाव. ते पहिल्यांदा कुणी लिहिलं, तिथपर्यंत मागे जा आणि त्या माणसाला विचार: “तुम्ही स्वतः तिथे होतात, की ऐकलंत?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “ग्रुपवर आलं होतं.” वाडीतल्या तिघांनी तेच नाव सांगितलं, पण तिघांनीही तोच मेसेज वाचलेला असेल, तर ते तीन साक्षीदार नव्हेत, एकच आहे.

म्हणून मजकूर कापलेला फोटो जवळ ठेव. एकेकाला वेगळं गाठून, शक्यतो समोरासमोर दाखव. “ही अमकीच ना?” असं कधीही विचारू नकोस, नाव तू उच्चारलंस की समोरचा मान डोलावतो. “यातलं कोण कोण ओळखू येतं?” एवढंच विचार. नाव आलं की पुढचा प्रश्न: “कशावरून?” “माझी चुलतजाऊ आहे, कपाळावरचा व्रण बघा,” हे उत्तर उपयोगाचं. “सगळे तसंच म्हणतायत,” हे काहीच नाही. व्रण सांगितला असेल तर तो दुसऱ्या फोटोत, दुसऱ्या कोनातूनही दिसायला हवा.

हिरव्या रुमालावर भिस्त ठेवू नकोस. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेतल्या शार्लट्सविलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी काढलेल्या मशाल मोर्चात एका तरुणाच्या टी-शर्टवर ‘अर्कान्सा इंजिनियरिंग’ असं लिहिलेलं होतं. लोकांनी त्यावरून अर्कान्सा विद्यापीठातला एक प्राध्यापक ‘ओळखला’. तो त्या संध्याकाळी शेकडो मैलांवर आपल्याच राज्यात होता, तरी शिव्या, धमक्या आणि घराचा पत्ता जाहीर होणं त्याच्या वाट्याला आलं. दाढी आणि टी-शर्ट जुळले, माणूस जुळला नाही. चेहरा जुळवणाऱ्या अॅपचंही तसंच: ते साम्य दाखवतं, ओळख सिद्ध करत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण. अख्ख्या वाडीचं आडनाव एकच, आणि त्यात एकाच नावाच्या दोन-तीन बाया. म्हणून नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, वय, वाडी हे सगळं जुळेपर्यंत नाव अर्धवटच समज. एफआयआरमधलं नावही चेहऱ्याला चिकटवू नकोस. त्या यादीतली बाई आणि या फोटोतली बाई वेगळी असू शकते.

शेवटी तिलाच भेट. आधी फोटो दाखवू नकोस; त्या दिवशी कुठे होती, अंगावर काय होतं, बरोबर कोण होतं, ते विचार. मग फोटो दाखव आणि तिचं सांगणं त्याच्याशी ताडून बघ. तिने “मी नाही” म्हटलं, तर ती त्या वेळी कुठे होती ते दुसऱ्या कुणाकडून पडताळ. ती गप्प राहिली, तर गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. आणि ती “मीच” म्हणाली, तरी नाव छापलं की तिच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे तिला स्पष्ट सांगून मग छापू का म्हणून विचार. तिचं उत्तर तारीख-वेळेसह वहीत लिही, संपादकालाही तेच दाखव.

रात्री आवृत्ती सुटेपर्यंत हे जुळलं नाही, तर फोटोखाली ‘पोलिस गाडीपुढे झोपलेली आंदोलक महिला’ एवढंच जाऊ दे. नाव दुसऱ्या दिवशीही छापता येतं. पण चेहरा स्पष्ट दिसत असेल तर नाव गाळूनही गाव तिला ओळखणारच, म्हणून फोटोच्या निवडीबद्दलही त्याच वेळी संपादकाशी बोलून घे.

तुझा हितचिंतक