आईला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात पहिल्यांदा जाताय ना, मग हे वाचून जा

स्वारगेटवरून रिक्षा केली तरी रिक्षावाल्याला नुसतं हॉस्पिटलचं नाव सांगू नका, गेट नंबर सांगा, नाहीतर तो मेन गेटला सोडतो आणि ओपीडी मागच्या गेटजवळ असली की आईला अख्खा कॅम्पस चालावा लागतो.

आता बिल्डिंग नंबर. हे नंबर बऱ्याचदा बांधल्याच्या क्रमाने पडलेले असतात, जागेच्या नाही. मी चारच्या शेजारी पाच शोधत २० मिनिटं फिरलो, पाच निघाली पार कँटीनच्या मागे! म्हणून चिठ्ठीवर "५/२१४" असं काही दिसलं की आधी काउंटरवरच विचारून घ्या, सहसा पाच म्हणजे बिल्डिंग, २१४ मधला पहिला दोन म्हणजे मजला. पण तळमजल्याला कुठे शून्य धरतात कुठे एक, त्यामुळे लिफ्टमधून बाहेर पडल्यावर समोरच्या दाराचा नंबर बघायचा, ३०६ दिसला तर एक मजला खाली.

कॅम्पसमध्ये पेशंटना ने-आण करणारी आतली गाडी बहुतेक एकाच दिशेने गोल फिरते. तुमचा स्टॉप मागे गेला असेल तर बसून पूर्ण फेरी मारण्यापेक्षा चालत गेलेलं बरं, पण आईचे गुडघे दुखत असतील तर फेरीच मारा, ड्रायव्हरकाकांना चढतानाच बिल्डिंग सांगून ठेवा. आणि हो, शेवटची गाडी किती वाजता ते सकाळीच विचारा, रिपोर्ट संध्याकाळी मिळतात आणि गाडी तोवर बंद झालेली असू शकते.

पाट्यांवर बाण वर दाखवत असेल तर तो सरळ जा म्हणून असतो, जिना चढू नका, मी चढलोय.